अंगठ्याखाली गेलेला अंक: फोटोतल्या वर्कशीटवरून बायनरी, ऑक्टल आणि हेक्स

पार्श्वभूमी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातली ही मुलगी अकरावीत आहे, कॉम्प्युटर सायन्स घेतलेली. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे सगळे इंग्रजीतून, हा आमच्या भागातला नेहमीचा प्रवास. जुलैतल्या पावसात तिला ताप आला आणि वर्गात संख्यापद्धती शिकवत होते तेच दिवस नेमके बुडाले. त्या आठवड्याची वर्कशीट मैत्रिणीने फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. मैत्रीण सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावची, आणि फोटो संध्याकाळी पलंगावर कागद ठेवून काढलेला. बहुधा लाईट गेलेली होती, कारण कागदाच्या मधोमध टॉर्चचा पांढरा डाग होता. कागदाला मधे एक घडी होती, आणि तो उडू नये म्हणून उजव्या कडेवर अंगठा दाबून धरलेला होता.

वर्कशीट सोमवारी सकाळी द्यायची होती. शनिवारी रात्री मुलीच्या आईने मला फोन केला. "टीचर, हिने सगळे सोडवलेय, पण हिलाच पटत नाही. जरा बघता काय?" मी त्या परिसरात संगणकाच्या शिकवण्या घेते. फोटो आणि वहीचे पान, दोन्ही पाठवायला सांगितले.

अडचण

फोटोत चार प्रश्न दिसत होते. मी ते दिसले तसे इथे देते, कारण पुढचे सगळे याच्यावरच उभे आहे. बायनरीत 0 आणि 1 हे दोनच अंक, ऑक्टलमध्ये 0 ते 7 हे आठ, आणि हेक्समध्ये सोळा: 0 ते 9 आणि पुढे 10 ते 15 साठी A ते F. अंकांची ही संख्या म्हणजे त्या पद्धतीचा बेस, तो कंसाखाली बारीक लिहितात.

पहिला: बायनरी संख्येचे ऑक्टल आणि हेक्स करा, `(1011010111`. पुढे अंगठा.

दुसरा: `(10110.01101)₂` चे ऑक्टल आणि हेक्स करा. हा स्वच्छ होता.

तिसरा: `(754)` चे हेक्स करा. कंसाखालचा बेस घडीत गेलेला, शाईचा नुसता ठिपका.

चौथा: जोड्या लावा. डावीकडे हेक्स संख्या, उजवीकडे ऑक्टल. डावीकडच्या एका संख्येचा मधला अंक टॉर्चच्या डागात. `286` की `2B6`, डोळ्यांना दोन्ही पटत होते.

वहीत मुलीने पहिल्याचे उत्तर ऑक्टल `5531` आणि हेक्स `B53` लिहिले होते. दुसऱ्याचे `26.15`. तिसऱ्यात ती अडकली होती. चौथ्यात `286` धरल्यामुळे जोडी सापडत नव्हती.

म्हणजे इथे दोन वेगवेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या होत्या. काही ठिकाणी रीत चुकली होती आणि काही ठिकाणी संख्याच नीट मिळालेली नव्हती. आधी दोन्ही सुट्या करणे भाग होते. रीत बरोबर असून उत्तर चुकले, तर मुलगी बरोबर रीतही सोडून देते. हे मी बऱ्याच मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

समोरचे पर्याय

सरळ पर्याय म्हणजे नवा फोटो मागवणे. तो मागवलाच, पण मैत्रिणीचा फोन लागत नव्हता. पाऊस जोरात असला की त्या बाजूचे नेटवर्क असेच असते.

दुसरा पर्याय आईने सुचवला: दिसतेय तेवढ्याच संख्येचे उत्तर लिहून टाकायचे. तिसरा मुलीचा: मोबाईलवर उत्तरे तपासून घ्यायची. हा सुचणे साहजिक आहे, आणि पायथॉनमध्ये एका ओळीचे काम आहे:

```
print(oct(0b1011010111), hex(0b1011010111))
```

पडद्यावर `0o1327 0x2d7` येते. पण ही तपासणी तुम्ही टाकलेल्या अंकांचीच होते. कागदावर काय छापले आहे ते तिला कळत नाही. शिवाय दुसऱ्या प्रश्नातली बिंदूवाली संख्या अशा रूपात पायथॉन घेतच नाही, आणि विंडोजच्या कॅल्क्युलेटरचा प्रोग्रामर मोडही पूर्णांकांपुरताच चालतो.

मी चौथा मार्ग धरला. फोटोतच पुरावा शोधायचा, जिथे तो पुरतो तिथे उत्तर पक्के करायचे, जिथे पुरत नाही तिथे जागा मोकळी ठेवायची.

काय केले: पहिला प्रश्न

अंगठा तात्पुरता विसरून दिसणारे दहा अंक घेतले. मुलीने मैत्रिणीच्या वहीतून "तीन-तीनचे गट" एवढेच उचलले होते. कोणत्या टोकाकडून, ते तिथे लिहिलेले नव्हते. तिने वाचायला लागतो त्या बाजूने, डावीकडून पाडले: `101 101 011 1`. म्हणून `5531`.

मी तिला `1234567` ही साधी संख्या लाख-हजारांचे स्वल्पविराम घालून लिहायला सांगितली. तिने पटकन `12,34,567` लिहिली. "कुठून मोजलेस?" "उजवीकडून." "का?" थोडा वेळ गेला, मग म्हणाली, "एकक तिथे असतो म्हणून." बायनरीतही एकक उजव्या टोकालाच असतो. बायनरीचा एक अंक म्हणजे एक बिट. तीन बिटांचा गट म्हणजे ऑक्टलचा एक अंक, कारण 2 × 2 × 2 = 8. हे गट एककापासून सुरू झाले तरच ते ऑक्टलच्या एकक, आठ, चौसष्ट या स्थानांवर नेमके बसतात.

उजवीकडून: `1 011 010 111`, म्हणजे `1327`. हेक्ससाठी चार-चारचे गट, कारण 2 × 2 × 2 × 2 = 16: `10 1101 0111`, म्हणजे `2D7`. दोन्ही दशमानात आणून पाहिले. 512 + 192 + 16 + 7 = 727, आणि 512 + 208 + 7 = 727. जुळले. तिचे `5531` दशमानात 2905 होते, जवळजवळ चौपट. गट डावीकडून पाडल्यामुळे अख्खी संख्या दोन घरे वर सरकली होती, आणि दोन घरे म्हणजे चार पट. अगदी चौपट न होता तीनने कमी पडली, कारण शेवटी एकट्या उरलेल्या `1` ला तिने `100` न धरता नुसते 1 धरले.

इथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मुले करतात त्या दोन झटपट तपासण्यांनी ही चूक पकडली गेली नसती. दहा बिटांचे ऑक्टलमध्ये चार अंक व्हायला हवेत. `5531` मध्येही चारच आहेत. शेवटचा बिट 1 असेल तर शेवटचा अंक विषम हवा. तोही विषमच आहे. चूक पकडते ती पहिल्या अंकाची तपासणी. दहा बिटांत तीनचे तीन गट पूर्ण झाले की डावीकडे एकच बिट उरतो, म्हणून पहिला अंक 1 च असू शकतो. `5` दिसला की थांबायचे.

आता अंगठा. आईचे म्हणणे होते की एखादा अंक गेला असेल तर थोडाच फरक पडेल. इथे मी कागद-पेन्सिल घेतली, कारण हे तोंडी पटत नाही. अंक डाव्या बाजूचा गेला असता, म्हणजे खरी संख्या `11011010111` असती, तर ऑक्टल `3327` आणि हेक्स `6D7`. आपल्या `1327` आणि `2D7` मध्ये फक्त पहिला अंक बदलला, बाकी सगळे जागच्या जागी. पण अंक उजव्या बाजूचा गेला असेल, समजा `10110101110`, तर सगळे गट एकेक घर सरकतात आणि उत्तर `2656` आणि `5AE`. `1327` शी आता एकाही जागी मेळ नाही.

मग गेलेला अंक कोणत्या बाजूचा? फोटोत सुरुवातीचा कंस `(` स्पष्ट होता, त्याला चिकटून पहिला `1`. डावीकडे काही गेलेले नाही. शेवटचा कंस मात्र दिसत नव्हता, बेसचा आकडाही नाही. अंगठ्याखाली फक्त कंस आणि बेस होता, की आणखी एखादा अंकही होता, हे फोटोवरून ठरत नव्हते. म्हणून पहिल्या प्रश्नाची जागा मोकळी ठेवली. मुलीला हे आवडले नाही. "टीचर, रीत आली ना, मग लिहू ना?" मी नाही म्हटले.

दुसरा आणि तिसरा प्रश्न

दुसऱ्यात फोटोचा दोष नव्हता, चूक पूर्णपणे रीतीची होती, आणि ती माझ्या पहिल्या समजावणीतूनच पक्की होण्याचा धोका होता. "उजवीकडून गट" हे तिने बिंदूनंतरही लावले होते: `01 101`, म्हणून `.15`. पण इथे मोजायची जागा संख्येचे उजवे टोक नसून बिंदू आहे. पूर्णांकात तो बिंदू उजव्या टोकाला अदृश्य असतो, म्हणून तिथे "उजवीकडून" म्हटले तरी चालते. बिंदूच्या डाव्या अंगाला डावीकडे सरकत गट पाडायचे आणि अपुऱ्या गटाला डावीकडे शून्ये लावायची. बिंदूच्या उजव्या अंगाला उजवीकडे सरकत पाडायचे आणि शून्ये उजवीकडे.

`010 110 . 011 010` म्हणजे `26.32`. चार-चारने `0001 0110 . 0110 1000` म्हणजे `16.68`. तपासणी: 3/8 आणि 2/64 मिळून 26/64, आणि 6/16 आणि 8/256 मिळून 104/256. दोन्ही 0.40625. तिचे `.15` म्हणजे 13/64, बरोबर निम्मे, कारण एक शून्य चुकीच्या बाजूला लागले होते. हेक्समध्ये अशीच चूक केली असती तर तीन शून्ये चुकीच्या बाजूला जाऊन `.0D` आले असते, खऱ्याच्या एक अष्टमांश. ती हे स्वतः करून बघायला लागली तेव्हा मला वाटले की आता हा मुद्दा बसला.

तिसऱ्या प्रश्नात ती अडकली त्याचे कारण वही पाहिल्यावर कळले. फोटोवरून उतरवताना तिने कंस गाळला होता आणि पुसट बेस 8 असावा असे समजून तो बाकीच्या अंकांच्याच उंचीवर लिहिला होता. वहीत `7548`. मग प्रत्येक अंकाचे तीन बिट करताना शेवटच्या 8 ला तीन बिट पुरेनात, म्हणून तिने चार लिहिले: `111 101 100 1000`. चार ऑक्टल अंकांचे बारा बिट व्हायला हवेत, इथे तेरा होते. असा एक बिट जास्त निघाला, किंवा ऑक्टल संख्येत 8 किंवा 9 दिसला, की गणित करत बसू नये. उतरवण्यात चूक आहे.

पण बेस खरेच 8 होता का? तो तिचा अंदाज होता. ठिपका बारकाईने पाहिला तर एकाच अंकाच्या रुंदीचा होता, म्हणजे 16 किंवा 10 नाही. एक अंकी बेस या पाठात दोनच, 2 आणि 8. संख्येत 7 असल्यामुळे 2 शक्य नाही. म्हणून 8. अंदाज बरोबर निघाला, पण आता त्याला कारण होते.

`754` चे बिट `111 101 100`. ऑक्टलच्या एकेका अंकावरून थेट हेक्सला जाता येत नाही, कारण तीनचे गट आणि चारचे गट एकमेकांवर बसत नाहीत. मधे बायनरीतून जाणे सगळ्यात सोपे. उजवीकडून चारचे गट: `1 1110 1100`, म्हणजे `1EC`. 448 + 40 + 4 = 492, आणि 256 + 224 + 12 = 492.

चौथा प्रश्न

`286` की `2B6`, हे अक्षराकडे टक लावून ठरेना. दोन्हींचे ऑक्टल करून उजव्या स्तंभात काय आहे ते पाहायचे ठरवले. `286` म्हणजे `0010 1000 0110`, तीनचे गट `1 010 000 110`, ऑक्टल `1206`. `2B6` म्हणजे `0010 1011 0110`, तीनचे गट `1 010 110 110`, ऑक्टल `1266`. उजव्या स्तंभात `1266` होते, `1206` नव्हते. अंक B च.

हे इतके नेमके जमले त्यात थोडे नशीबही होते. 8 आणि B मधला फरक शेवटच्या दोन बिटांचा, `00` आणि `11`. ते दोन्ही बिट योगायोगाने ऑक्टलच्या एकाच अंकात पडले, म्हणून फरक तिसऱ्या अंकात ठळक दिसला. आणि जोड्या लावायच्या होत्या म्हणूनच उजवीकडे ताडून पाहायला काहीतरी होते. नुसते "रूपांतर करा" असते तर या अंकाचीही जागा मोकळी ठेवावी लागली असती.

निष्पत्ती

रविवारी सकाळी मैत्रिणीचा फोन लागला. फोटो पाठवण्याइतके नेट तिच्याकडे तेव्हाही नव्हते, म्हणून संख्या तोंडी घ्यावी लागली. लांब बायनरी संख्या फोनवर सलग वाचली की एखादा शून्य हमखास गळतो किंवा दुप्पट होतो. मी मुलीला सांगितले होते की मैत्रिणीला शेवटच्या कंसापासून मागे येत तीन-तीनचे गट करायला लाव, गटातले अंक मात्र छापले तसेच वाचायला सांग. तिने वाचले: "एक एक शून्य. एक शून्य एक. एक एक शून्य. उरले एक शून्य." मुलीने ते मागून पुढे मांडले, `10 110 101 110`. पहिले दहा अंक फोटोतल्या दहा अंकांशी तंतोतंत जुळले, म्हणजे वाचण्यात काही गळले नव्हते. अंगठ्याखाली एक शून्य, कंस आणि बेस होता.

उत्तर `2656` आणि `5AE`, दशमानात 1454. शनिवारीच `1327` लिहून टाकले असते तर रीत बरोबर असूनही उत्तर चुकले असते. सोमवारी वर्कशीट वेळेवर गेली. पहिल्या तीन प्रश्नांचे पूर्ण गुण मिळाले. जोड्यांमध्ये दुसरी एक जोडी चुकली, तिचा फोटोशी संबंध नव्हता. घाईत `C` ला 13 धरले होते.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या प्रश्नाची जागा पूर्ण मोकळी ठेवण्याची गरज नव्हती, असे आता वाटते. अंगठा किती रुंद आणि ओळीतले अंक किती रुंद, हे फोटोत मोजता आले असते. एकच अंक लपलेला आहे असे ठरले असते, तर खरी संख्या 2 × 727 म्हणजे 1454, किंवा त्यात एक मिळवून 1455, एवढ्या दोनच शक्यता उरतात. ऑक्टल `2656` किंवा `2657`, हेक्स `5AE` किंवा `5AF`. शेवटचा अंक सोडून बाकी सगळे शनिवारीच लिहून ठेवता आले असते, आणि रविवारच्या फोनवर एकच प्रश्न विचारावा लागला असता: शेवटचा अंक शून्य की एक? दोन अंक लपले असण्याची शक्यता उरली असती, तर मात्र चार उत्तरे झाली असती आणि मग थांबणेच बरे होते.

शिकवण्याच्या क्रमातही बदल करायला हवा. मी आता पूर्णांकापासून सुरुवात करत नाही. बिंदू असलेली संख्या आधी घेते, गट दोन्ही बाजूंना पाडून दाखवते, आणि मग बिंदू उजव्या टोकाला नेऊन पूर्णांक करते. त्यामुळे "उजवीकडून" हा शब्द मुलांच्या डोक्यात नियम म्हणून बसण्याआधीच बिंदू बसतो. यात सुरुवातीला वेळ जास्त जातो, आणि ज्या मुलांना अपूर्णांकांची आधीच धास्ती असते ती बिचकतात. त्यांच्यापुरती मी एकच संख्या घेते, `101.1`, आणि तेवढ्यावरच थांबते.

वर्कशीट काढणाऱ्यांसाठी एक सूचना मी त्या मुलीच्या शाळेतल्या शिक्षिकेकडे आईमार्फत पोहोचवली. कंसाखालचा बारीक बेस झेरॉक्समध्येच अर्धा जातो, फोटोत उरतच नाही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, डाव्या बाजूला, बेस शब्दांत छापावा, आणि लांब बायनरी संख्येच्या पुढे एकूण बिट किती ते लिहावे. `11 बिट` एवढे जरी डावीकडे असते, तरी दहा अंक मोजून मुलीला शनिवारीच कळले असते की एक अंक अंगठ्याखाली आहे.